आजीने आजीला चहा दिला, त्या फोटोबद्दल

जानेवारीत बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरी शूट होतं. आजींना पंचाहत्तर पूर्ण झालेली. त्यांची मुलगी म्हणाली, दादा, आई जन्मभर सगळ्यांना चहा देत आली, तिला असं बसवून कोणी दिलाच नाही, तर एकाच फोटोत ती झोपाळ्यावर बसलेली आणि तीच उभी राहून स्वतःला कप देतेय असं होईल का. मला कल्पना इतकी आवडली की मी लगेच हो म्हटलं.

कॅमेरा ट्रायपॉडवर, सगळं मॅन्युअल, फोकस आणि व्हाइट बॅलन्ससुद्धा, झोपाळा हलू नये म्हणून खाली पाट रचलेले. आधी बसलेल्या आजी काढल्या, मग उभ्या, आणि मग रिकामी खोली. घरी येऊन मास्क केला, म्हणजे दोन्ही आजी एकाच फोटोत बसवल्या, रंग जुळले, उजेड जुळला, कडा स्वच्छ आल्या, आणि तरी बसलेल्या आजी कापून चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. दोन रात्री मी केसांच्या कडा घासत बसलो आणि चूक तिथे नव्हतीच.

खिडकी डावीकडे, ऊन तिथून आत येतं, आणि उभ्या आजी खिडकी आणि झोपाळा यांच्या मधे. म्हणजे त्यांची सावली बसलेल्या आजींच्या मांडीवर पडायलाच हवी. पण बसलेल्या आजी काढल्या तेव्हा मधे कोणी उभंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर लख्ख ऊन! बघणाऱ्याला हे सांगता येत नाही, पण फोटो खोटा आहे एवढं त्याला कळतं.

मी सावली हाताने रंगवून पाहिली, खालचं चित्र गडद करणाऱ्या मल्टिप्लायच्या लेयरवर. मळल्यासारखी दिसली. उन्हातली सावली म्हणजे नुसता काळोख नसतो, तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो म्हणून ती निळसर होते, साडीच्या जरीवरची चमक गायब होते, आणि तिची कड अंतराप्रमाणे मऊ होत जाते. सूर्य आपल्याला साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावली पाडणारी वस्तू मीटरभर दूर असेल तर कड सेंटिमीटरभर पसरते आणि दहा सेंटिमीटरवर असेल तर जेमतेम मिलिमीटरभर. म्हणजे खांद्याची सावली मऊ आणि कपाची धारदार, एकाच मांडीवर. हे ब्रशने नाही जमत. माझ्या धंद्यातली निम्मी माणसं 'फोटोशॉपमधे होऊन जाईल' म्हणत शूट उरकतात, त्या दिवशी मीही तेच केलं होतं आणि त्याचा मला अजून राग येतो.

दोन दिवसांनी परत गेलो, त्याच वेळेला, कारण सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. वीस मिनिटं चुकली तर खिडकीपासून दहा फुटांवरचा कवडसा जवळजवळ फूटभर हलतो. या वेळी घरी काम करणाऱ्या बेनना विनंती केली, त्यांची उंची आजींएवढीच. पहिल्या फ्रेममधे बेन कप धरून उभ्या आणि आजी झोपाळ्यावर, बशीखाली बोटं धरून. आजींवर खरी सावली पडली. मग दीड मिनिटात अदलाबदल, आजी उभ्या आणि बेन झोपाळ्यावर, मांडीवर पांढरी चादर, कारण बसलेल्या आजींच्या पांढऱ्या साडीवरून उसळलेला उजेड उभ्या आजींच्या हनुवटीखाली यायला हवा. पाय कुठे ते फरशीवर खडूने आखलेलं. जोडताना बसलेल्या आजी आणि सगळी खोली पहिल्या फ्रेमची घेतली, उभ्या आजी पायांसकट आणि फरशीवरच्या सावलीसकट दुसरीची, आणि बेनचा खांदा जरा रुंद म्हणून आजींच्या मागे डोकावत होता, तेवढी भिंत रिकाम्या फ्रेममधून. बसलं! डोळ्याला कुठेच अडकेना.

प्रिंट दिली तेव्हा मुलगी रडली. आजी मात्र फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत होत्या, मग मनगटावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या बांगड्या कुणाच्या रे?"

बशीखालच्या त्यांच्या मनगटावर बारीक पाच-सहा रेघा होत्या, सावलीच्या. आजींच्या हातात एकच पाटली. बेनच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्या मनगटापासून चार बोटांवर, म्हणून रेघन् रेघ स्पष्ट उमटलेली. मी शंभर टक्के झूमवर सगळी कड तपासली होती, मनगट नाही.

मी म्हटलं, आजी, उद्या काढून देतो. त्या म्हणाल्या, "राहू दे. चहा तीच देते मला रोज."

साफ केलेली फाईल तयार आहे. मुलीला अजून पाठवली नाहीये.