‘हवं होतं’ आणि ‘लागलं’

दुपारी कुणाचा तरी एका ओळीचा निरोप येतो: ‘काल तुला फोन करायला हवा होता.’ वाक्यात ‘नाही’ कुठेच नाही. तरी फोन केलेला नाही, हे वाचताक्षणी कळतं. त्याच माणसाने ‘काल फोन करावा लागला’ असं लिहिलं असतं, तर फोन झालेला असता, वर थोडी कुरकुरही पोहोचली असती.

‘उद्या जायला हवं’ आणि ‘उद्या जावं लागेल’ ही जोडी घाईत एकमेकांच्या जागी खपून जाते. भूतकाळात नेलं की मात्र दोघांची वाट वेगळी होते. ‘जायला हवं होतं’ म्हणजे राहून गेलं, ‘जावं लागलं’ म्हणजे जाऊन आलो. आणि ‘जायचं होतं’? तिथे नुसता बेत असतो. ‘दोनला निघायचं होतं म्हणून लवकर जेवले’ हेही मराठी आणि ‘दोनला निघायचं होतं, पण डोळा लागला’ हेही मराठी. पुढचं वाक्य येईपर्यंत काहीच ठरत नाही.

खरी गंमत ‘नको’ची. ‘तसं बोलायला नको होतं’ म्हणणारा माणूस बोलून बसलेला असतो. म्हणजे ‘हवं होतं’ म्हटलं की गोष्ट झालेली नसते आणि ‘नको होतं’ म्हटलं की झालेली असते! अर्थात हा नियम दगडावरची रेघ नाही. एक ‘च’ घुसला तरी तो डळमळतो. ‘ते झाड तोडायलाच हवं होतं’ हे झाड तोडून झाल्यावर, समर्थन म्हणूनही म्हणतात.

‘होतं’ काढून टाकलं की ‘नको’ आणखी फसवं होतं. ‘तिला सांगायला नको.’ तिला आधीच ठाऊक आहे म्हणून गरज नाही, की तिच्यापासून लपवायचं आहे? तोंडी बोलताना सूर सांभाळून घेतो. लिहिताना तो नसतो, आणि अशा एका चिठ्ठीने घरात दोन दिवस अबोला होऊ शकतो. तेव्हा लिहायचंच असेल तर ‘सांगायची गरज नाही’ किंवा ‘सांगू नकोस’, दोहोंपैकी एक निवडावं.

‘सांगू नये’ हा तिसरा पर्याय, पण तो पाटीवर शोभतो. या ‘नये’ची फोड ‘न’ आणि ‘ये’ अशी आहे. हा ‘ये’ म्हणजे आपला रोजचा ‘येणे’, जो ‘मला पोहता येतं’मध्येही आहे. एकच क्रियापद एका ठिकाणी कौशल्य सांगतं आणि दुसऱ्या ठिकाणी मनाई करतं, आणि आपण दिवसभर दोन्ही वापरतो, पण ती सख्खी आहेत याची आठवणही होत नाही.

परवानगीच्या बाबतीत जरा तक्रार आहे. ‘आपण येथे बसू शकता.’ अहो, बसण्याची ताकद आहे हो पाहुण्याच्या अंगात! ‘बसा ना’, ‘इथे बसलात तरी चालेल’, ‘बसायला हरकत नाही’ एवढं सगळं हाताशी असताना ‘शकता’ला कशाला राबवायचं? चूक म्हणता येणार नाही, कानाला मात्र बोचतं.

‘शकणे’ची स्वतःची जागा वेगळी आहे. ‘त्याला कुलूप उघडता येत होतं’ म्हणजे युक्ती ठाऊक होती, उघडलं की नाही ते माहीत नाही. ‘उघडता आलं’ किंवा ‘तो उघडू शकला’ म्हटलं की दार उघडलेलं असतं. ‘उघडू शकला असता’ म्हटलं की दार बंदच, आणि बोलणाऱ्याच्या मनात थोडा राग.

चालण्याचं घ्या. ‘चालता येत नाही’ हे पाऊल न टाकलेल्या बाळाबद्दल म्हणता येतं, पाय प्लास्टरमध्ये असलेल्याबद्दलही. ‘चालू शकत नाही’ त्याच्या जवळचं, थोडं कोरडं, अहवालात बसणारं. आणि मग ‘चालवत नाही’. यात एक ‘व’ फक्त जास्त आहे, आणि ‘मी गाडी चालवत नाही’शी घोटाळा होऊ नये एवढंच काम ‘मला’ करतं. ‘मला चालवत नाही.’ चालायचं कसं ते ठाऊक आहे, पायही जागेवर आहेत, पण अंग साथ देत नाही. हा ‘व’ हल्ली बहुतेक नकारातच भेटतो: बघवत नाही, सांगवत नाही, जेववत नाही. ‘मला बघवतं’ असं सहसा कुणी म्हणत नाही. बघवतं तोवर माणूस नुसता बघतो.