काउंटचे हात स्वच्छ का राहतात

सोमवार

सूडकथेत वाचकाला नायकाच्या बाजूला ओढणं सोपं असतं. त्याच्यावर ढळढळीत अन्याय करा, अन्याय करणाऱ्यांची भरभराट दाखवा, की वाचक बाह्या सरसावून तयार. अवघड असतं ते त्याच वाचकाला, नायकावरची माया न सुटता, मध्येच कुठेतरी अस्वस्थ करणं. अलेक्झांडर द्यूमाने 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मध्ये हे कसं जमवलं, ते सध्या नीट पाहतो आहे. ही कादंबरी १८४४ ते १८४६ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः आली, त्यामुळे तिला पसरट म्हणून नाक मुरडण्याची पद्धत आहे. सूडाची मांडणी मात्र अजिबात पसरट नाही.

मूळ बीज पाहिलं की द्यूमाने काय केलं ते लख्ख दिसतं. पॅरिसच्या पोलीस दप्तरातल्या हकिगती म्हणून झाक प्यूशे याच्या नावाने छापलेल्या मजकुरात पिको नावाच्या चांभाराची गोष्ट आहे. लग्न ठरलेलं असताना मत्सरी मित्र त्याला इंग्रजांचा हेर ठरवतात आणि तो सात वर्षं कैदेत सडतो. तिथे एका धर्मगुरूकडून त्याला संपत्ती मिळते आणि बाहेर आल्यावर तो एकेकाला गाठतो. पण कसा? सुरा खुपसून, विष घालून. शेवटी त्याचाही खून होतो. या पिकोची कीव येते, पण त्याच्या बाजूने उभं राहावंसं वाटत नाही. आपण चौकशीचे कागद वाचतोय असंच वाटत राहतं.

द्यूमाचा पहिला बेत कथा रोमपासून सुरू करायचा होता: श्रीमंत, गूढ काउंट आधी दाखवायचा आणि त्याचं पूर्वायुष्य नंतर कुणाच्या तरी तोंडून सांगायचं. त्याचा सहलेखक ओग्युस्त माके याने हरकत घेतली. मार्सेयचे दिवस आणि तुरुंग हाच तर कथेचा सगळ्यात जिवंत भाग, तो ओझरता सांगून कसं चालेल, असं त्याचं म्हणणं. द्यूमाने ते मानलं. माझ्या मते या कादंबरीतला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. पूर्वायुष्य नंतर आलं असतं, तर ते काउंटच्या कृत्यांचं स्पष्टीकरण झालं असतं, आणि स्पष्टीकरण वाचक न्यायाधीशासारखा ऐकतो. आधी आल्यामुळे ते वाचक स्वतः भोगतो.

पहिली वीस प्रकरणं म्हणूनच एवढी सावकाश चालतात. एदमों दांतेस, म्हणजे पुढचा काउंट, १८१५च्या फेब्रुवारीत बंदरात उतरतो, कप्तान होण्याच्या उंबरठ्यावर. मर्सेदेसशी लग्न ठरलेलं. दांग्लार डाव्या हाताने, दांतेस नेपोलियनचा हस्तक आहे असं निनावी पत्र लिहितो, फर्नां ते टपालात टाकतो, कादरूस दारूच्या नशेत सगळं पाहतो आणि शुद्धीवर आल्यावर भीतीने गप्प बसतो. दांतेस निर्दोष आहे हे सरकारी वकील व्हिलफोरला कळतं, पण दांतेसजवळची चिठ्ठी व्हिलफोरच्याच बापाच्या नावाची निघते. ती जाळून तो या पोराला शातो दीफच्या कोठडीत गाडतो. चौघांचा गुन्हा एकसारखा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. हेवा, वासना, भित्रेपणा आणि पदाचा लोभ, प्रत्येकाची जात वेगळी, आणि पुढे शिक्षाही त्या त्या जातीची.

सूडावरचा पहिला प्रश्न द्यूमाने इथेच, सहानुभूती ऐन भरात असताना, पेरून ठेवला आहे. आपल्याला कुणी अडकवलं हे दांतेसला माहीतच नसतं. शेजारच्या कोठडीतला म्हातारा धर्मगुरू फारिया नुसत्या तर्काने त्याला ते उलगडून दाखवतो, आणि लगेच म्हणतो की तुला मदत केल्याचं मला वाईट वाटतं, कारण तुझ्या मनात नव्हती ती सूडाची भावना मी घातली. दांतेस हसून विषय बदलतो, आणि खरं सांगायचं तर वाचकही. आपल्याला तेव्हा नावं हवी असतात. म्हाताऱ्याचं वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि ते राहू नये अशाच जागी ठेवलंय.

बुधवार

एकतिसाव्या प्रकरणात कादंबरी कॅमेरा उचलून दुसरीकडे नेते. दांतेस १८२९मध्ये सुटला, त्याने जुन्या मालकाला, मोरेलला, २,८७,५०० फ्रँकच्या कर्जातून आणि आत्महत्येच्या दारातून वाचवलं, आणि मायाममतेला निरोप दिला. मग एकदम १८३८. आता आपण फ्रांझ नावाच्या एका तरुणाच्या नजरेने एका फिकट चेहऱ्याच्या, स्वतःला सिंदबाद म्हणवणाऱ्या अनोळखी माणसाला पाहतो. निवेदक त्याला दांतेस म्हणत नाही. मनात शिरकावही क्वचितच.

ज्याच्या कोठडीत आपण शेकडो पानं राहिलो, तोच आता बाहेरून दिसतो. आपल्याला तो कोण ते ठाऊक आहे, भोवतालच्यांना नाही, त्यामुळे आपण त्याच्या कटात सामील झाल्यासारखे होतो. पण त्याचं मन बंद असल्यामुळे तो कुठवर जाईल याची खात्री मात्र उरत नाही. रोममध्ये तो मृत्युदंड खिडकीतून पाहतो. एका कैद्याला माफी मिळते आणि दुसरा, आतापर्यंत शांत असलेला, त्याने जगावं हे सहन न होऊन पिसाळतो. काउंटला यात माणसाच्या स्वभावाचा पुरावा दिसतो. आपल्याला काउंट दिसतो.

आता त्याच्या पद्धतीकडे. पिको सुरा चालवायचा, काउंट कधीच कुणाला मारत नाही. तो फक्त दारं उघडून देतो. फर्नांने ज्या अली पाशाशी दगा केला त्याची मुलगी हायदे स्वतः सरदारांच्या सभागृहात साक्ष देते. दांग्लारला त्याची हाव बुडवते. व्हिलफोरने जन्मताच जिवंत पुरलेला मुलगा भर न्यायालयात बापाचं नाव घेतो. प्रत्येकाला त्याचंच पाप खातं, काउंटचे हात स्वच्छ. आपली सहानुभूती इतकी लांब टिकते ती यामुळेच.

आणि कादंबरीचा खरा डाव इथे आहे. ज्या पद्धतीने त्याला निष्पाप ठेवलं, तीच पद्धत त्याच्या हाताबाहेर जाते. सुरा जिथे खुपसला तिथेच थांबतो. उघडलेल्या दारातून कोण आत जाईल हे दार उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

व्हिलफोरच्या घरी हे टप्प्याटप्प्याने घडतं. उधळलेल्या घोड्यांच्या प्रसंगात व्हिलफोरची दुसरी बायको एलोईज आणि तिचा लहान मुलगा एदुआर सापडतात. बेशुद्ध पोराच्या ओठांवर काउंट एका औषधाचा एकच थेंब टाकतो आणि पोर शुद्धीवर येतं. नंतर तो एलोईजशी विषांबद्दल सविस्तर, जाणकारासारखा बोलतो. बाई किती कान देऊन ऐकतेय हे त्याला पूर्ण कळतं. तिला आपल्या मुलासाठी सावत्र मुलीचा, व्हालांतीनचा, वारसा हवा आहे. व्हालांतीनचे आजोबा मरतात, मग आजी. मग व्हिलफोरच्या म्हाताऱ्या बापासाठी, नुआर्तिएसाठी, ठेवलेलं सरबत त्याचा नोकर बारुआ तहानेपोटी पितो आणि तडफडून मरतो. या बारुआबद्दल फार कमी बोललं जातं. त्याचा दांतेसशी काडीचाही संबंध नाही.

काउंटला हे सगळं ठाऊक असतं. मोरेलचा मुलगा माक्सिमिलियां हादरून त्याच्याकडे येतो, तेव्हा हा थंडपणे सांगतो की त्या घरावर देवाचा न्याय चाललाय, तुला काय त्याचं? माक्सिमिलियां ओरडतो की माझं व्हालांतीनवर प्रेम आहे. तेव्हा कुठे काउंट हलतो आणि तिला वाचवायला धावतो. नीट पाहा: अनोळखी निरपराध माणूस मेला तेव्हा तो देवाचा न्याय होता, आणि ओळखीच्याचं काळीज फाटायची वेळ आली तेव्हा तो थांबवण्याजोगा झाला. लेखक इथे एक अक्षर टीका करत नाही. करायची गरजच उरत नाही.

शेवट १११व्या प्रकरणात. बायकोचे गुन्हे कळल्यावर व्हिलफोर तिला विष किंवा वधस्तंभ यातलं एक निवडायला सांगून न्यायालयात जातो. तिथे स्वतःचंच पाप उघडं पडतं. मी हिला कोणत्या तोंडाने शिक्षा सुनावली, म्हणून तो पळत घरी येतो, तर तिने विष घेतलंय आणि जाताना मुलालाही नेलंय. त्याच वेळी काउंट आपली खरी ओळख सांगतो. व्हिलफोर त्याला ओढत प्रेतांपाशी नेतो: बघ, एदमों दांतेस, झाला का तुझा सूड पुरा? काउंट पोराला उचलून खोलीत नेतो, दार लावून जिवाच्या आकांताने प्रयत्न करतो. एका थेंबाने परतलेलं तेच पोर या वेळी परतत नाही. व्हिलफोर वेडा होतो. देव माझ्या बाजूला आहे, असं म्हणायचा हक्क आपण गमावला, हे काउंटला पहिल्यांदा जाणवतं.

काही रूपांतरांत एदुआर गाळलेला असतो आणि शेवटी दांतेस-मर्सेदेस एकत्र येतात. सूड मग निव्वळ हिशेब होतो, देणी चुकती, खातं बंद. कुठलं रूपांतर कादंबरीला धरून आहे हे तपासायचं तर मी आधी तो मुलगा आहे का ते बघतो.

शुक्रवार

शिक्षांचा क्रम पाहायचा राहिला होता. कादरूस सगळ्यात आधी, मग फर्नां, मग व्हिलफोर, दांग्लार शेवटी. पत्र लिहिणारा, म्हणजे सगळ्याचं मूळ, दांग्लारच. साधी सूडकथा सगळ्यात मोठा घाव शेवटी ठेवते. इथे उलटं. दांग्लार धर्मादाय रुग्णालयांचे ५० लाख फ्रँक घेऊन पळतो, लुटारूंच्या हाती लागतो आणि एका कोंबडीला लाख फ्रँक मोजत उपाशी राहतो. केस पांढरे होतात. पण काउंट त्याला माफ करून ५०,००० फ्रँकांसह सोडून देतो. तो काही कमी दोषी नव्हता, फक्त त्याची पाळी एदुआरनंतर आली. क्रम बदलला असता तर शिक्षाही बदलली असती. काउंट ज्याला दैवी न्याय म्हणत होता तो असा रांगेतल्या जागेवर अवलंबून निघतो, ही गोष्ट मला माफीपेक्षा जास्त बोचते.

मात्र द्यूमा इथे थोडा कच खातो, असंही वाटतं. मुलाच्या मरणाने खचलेला काउंट शातो दीफला जातो, पहारेकऱ्याच्या तोंडून स्वतःचीच कहाणी ऐकतो, फारियाचं हस्तलिखित मिळवतो आणि शंका झटकून बाहेर पडतो. म्हणजे सूड बरोबर होता का, याचा निवाडा तो पुन्हा आपल्याच जखमेला विचारतो. बारुआच्या घरच्यांना विचारायला कुणी जात नाही. पुढे माक्सिमिलियांला लिहिलेल्या पत्रात तो कबूल करतो की सैतानासारखं क्षणभर मीही स्वतःला देवाच्या बरोबरीचं समजलो. पण ही कबुली देऊन तो हायदेबरोबर जहाजातून निघूनही जातो. क्रमशः कादंबरीच्या वाचकांना नायक हवा होता आणि द्यूमाने तो सांभाळला. कबुली खरी आहे, पण तिची किंमत काउंटने काय मोजली, हे मला शेवटच्या प्रकरणांत सापडलेलं नाही.