मार्चचं बिल : उणे पन्नास रुपये

१ ऑक्टोबर २०२५, दसऱ्याच्या आदला दिवस. दीक्षाभूमीला निघालेल्या लोकांनी नागपूरच्या गाड्या भरून चालल्या होत्या आणि तालुक्यातले अर्धेअधिक कास्तकार सोयाबीनच्या सोंगणीत होते. माझ्या टेबलावर महिनेवारी बिलांचं काम होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी हिशेब लिहिणं आणि जीएसटीचे रिटर्न भरणं हे काम करतो. ज्यांचं काम वर्षभर चालतं, त्यांच्याशी मासिक फी ठरलेली असते आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्या महिन्याचं बिल मेलवर जातं.

त्या दिवशीच्या बिलांत एक मेल अवघड होता. शेतकऱ्यांच्या एका उत्पादक कंपनीला ऑक्टोबरचं बिल पाठवायचं होतं आणि त्याच मेलमध्ये सांगायचं होतं की १ नोव्हेंबरपासून फी ४,००० वरून ५,५०० होईल. कंपनी सुरुवातीला फक्त खत-बियाणं विकायची. आता सोयाबीन बियाण्याची प्रतवारी सुरू झाली आहे, गोदाम आहे, बँकेची दोन खाती आहेत. पूर्वी विक्रीची बिलं एका फाइलीत मावायची. आता महिन्याला चार फाइली येतात, आणि कोणतं बिल करमुक्त बियाण्याचं, कोणतं ५ टक्क्यांच्या सोयाबीनचं, हे एकेक पाहून वेगळं करावं लागतं. जीएसटीआर-१ या विवरणाला ११ तारखेची मुदत, जीएसटीआर-थ्रीबीला २० ची. त्या दहा दिवसांत माझा मदतनीस जवळजवळ पूर्ण वेळ यांच्याच कामावर बसतो. तेव्हा वाढ मागण्यात मला संकोच नव्हता. प्रश्न एवढाच होता की ती सांगायची कशी.

वाढीचं पत्र वेगळं पाठवलं तर ते वाचलं जाईलच असं नाही. बिलाचा मेल मात्र उघडला जातो, कारण त्यावर पैसे द्यायचे असतात. म्हणून दोन्ही एकत्र. पण यात एक धोका असतो. कंपनीतला हिशेबनीस घाईत मेल चाळतो आणि जो आकडा आधी डोळ्यांत भरतो तोच चेकवर लिहितो. मग ऑक्टोबरचेच ५,५०० येतात, जास्तीचे पुढच्या बिलात वळते करावे लागतात आणि वर्षअखेरीला दोघांच्या वह्या जुळत नाहीत. म्हणून जोडलेल्या बिलात फक्त ४,००० चा आकडा, नव्या फीचा उल्लेखही नाही. मेलच्या विषयात मात्र दोन्ही गोष्टी: ‘ऑक्टोबर २०२५ चे बिल रु. ४,००० / १ नोव्हेंबरपासून फीत बदल’. मजकुरात ‘पुढच्या बिलापासून’ असं मी कधी लिहीत नाही. कोणी बिल महिन्याच्या आधी काढतो, कोणी नंतर, त्यामुळे ‘पुढचं’ म्हणजे नेमकं कोणतं यावरच वाद होतो. कोणत्या तारखेपासूनच्या कामाला नवी फी आणि तिचं पहिलं बिल कोणत्या तारखेचं, या दोन्ही तारखा लिहिल्या. आमच्या मूळ करारपत्रात फी बदलण्याआधी एक महिन्याची लेखी सूचना द्यायची अट आहे, तीही यात पाळली जात होती.

मेल जवळजवळ तयार झाला होता. पाठवण्याआधी वर्षाची बेरीज मांडून पाहायची माझी सवय आहे, कारण संचालक मंडळात पहिला प्रश्न तोच येतो. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचे ४,००० प्रमाणे २८,०००. नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांचे ५,५०० प्रमाणे २७,५००. एकूण ५५,५००.

आणि मी थांबलो. व्यावसायिक फी देतानाच कापून सरकारात भरायच्या कराची, म्हणजे आयकर कायद्याच्या कलम १९४जे प्रमाणे टीडीएसची वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० झाली होती. जुन्या फीने वर्षाचे ४८,००० होत होते. कंपनीला माझ्या बिलातून काही कापायची गरजच नव्हती. माझ्या वाढीमुळे तीच कंपनी आता कापणीच्या कक्षेत येत होती.

महिनावार मांडून पाहिलं तेव्हा तर अजबच चित्र दिसलं. नोव्हेंबरअखेर ३३,५००, डिसेंबरअखेर ३९,०००, जानेवारीला ४४,५००, फेब्रुवारीला बरोबर ५०,०००. मर्यादा ‘५०,००० च्या वर’ अशी आहे, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत सगळं शांत. मार्चचं बिल आलं की बेरीज ५५,५००. मर्यादा ओलांडली की दहा टक्के फक्त वरच्या रकमेवर कापायचे नसतात, वर्षाच्या सगळ्या रकमेवर कापायचे असतात. म्हणजे ५,५५०. मार्चचं बिल ५,५०० चं आणि त्यातून कापायचे ५,५५०! कंपनीने मला मार्चला एक रुपयाही न देता उलट माझ्याकडूनच ५० रुपये मागायचे, असा तो हिशेब होता.

व्यवहारात त्या वेळी काय होतं तेही मला माहीत आहे. मार्चअखेरच्या धावपळीत हिशेबनीस बिल पूर्ण देऊन टाकतो आणि कापायचं राहून जातं. मग न कापलेल्या रकमेवर महिन्याला एक टक्का व्याज लागतं, आणि कंपनीच्या करहिशेबात त्या खर्चाचा ३० टक्के भाग नाकारला जाऊ शकतो. ५५,५०० वर तो भाग १६,६५० होतो. फीवाढीने कंपनीला या वर्षी ७,५०० रुपये जास्त पडणार होते. नाकारला जाणारा खर्च त्याच्या दुपटीहून मोठा.

खरं तर कायदा मार्चपर्यंत थांबायलाही सांगत नाही. दिलेली ‘किंवा देण्याची शक्यता असलेली’ रक्कम मर्यादेवर जाणार असेल तर कापायचं, असं त्याचं म्हणणं आहे. ऑक्टोबरपर्यंत ती शक्यता नव्हती, म्हणून मागच्या सात महिन्यांचा दोष कंपनीवर येत नाही. पण माझा मेल पोचला आणि मान्य झाला की शक्यता कागदावर आली.

मेल तसाच ठेवला आणि गाडी काढून कंपनीच्या ऑफिसात गेलो. अध्यक्ष गोदामातच होते, ओल्या सोयाबीनच्या नमुन्यात हात घालून पाहत. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणतो.

“भाऊ, फी वाढवायची आहे,” मी सरळ सांगितलं. “आणि त्यामुळं तुमच्या मागं एक काम लागणार आहे.”

कागदावर मांडलेला हिशेब दाखवला. त्यांनी आकडे दोनदा वाचले. “म्हणजे साडेपाच हजार तुमाले, अन् वर्ते साडेपाचशे सरकारले? सहा हजार पडले मंग आमाले.”

हा गैरसमज मी नेहमी पाहतो. “नाही भाऊ. तुमच्या खिशातून साडेपाच हजारच. त्यातले साडेपाचशे माझ्या नावानं सरकारात भरायचे, माझ्या हातात चार हजार नऊशे पन्नास.”

तेवढ्यात तिथे बसलेल्या एका संचालकांनी तोडगा काढला. “फी चार हजार एकशे साठ करून घ्या ना. वर्षाचे पन्नासच्या आतच राह्यते. नाईतर अर्धं बिल वहिनींच्या नावानं द्या.”

पहिल्या तोडग्यात चूक काही नव्हती. ४,१६० ने वर्षाचे ४९,९२० होतात. पण महिन्याला १६० रुपयांच्या वाढीत चार फाइलींचं काम बसत नाही, ते मी तिथेच सांगितलं. दुसऱ्याला मी स्पष्ट नकार दिला. काम मी करतो, तर बिलही माझ्याच नावाने निघेल. बायको हिशेबाचं काम करत नसताना तिच्या नावाने बिल म्हणजे खोटा कागद, आणि तो कंपनीच्या दप्तरात राहतो. ऑडिटला कोणी विचारलं तर उत्तर भाऊंना द्यावं लागेल, मला नाही. भाऊंनी त्या संचालकांकडे पाहून मान हलवली आणि तो विषय तिथेच संपला.

कापायचं कसं, हे मग हिशेबनिसाबरोबर बसून ठरवलं. नोव्हेंबरच्या बिलाला मागच्या सात महिन्यांसह ३३,५०० वर ३,३५० एकदाच कापायचे. डिसेंबरपासून दर महिन्याला ५५०. चार महिन्यांचे २,२००, एकूण ५,५५०. मार्चची अडचण नाहीशी. नोव्हेंबरला माझ्या हातात २,१५० च येणार होते, ते मला चालणार होतं. कर कापणाऱ्याला लागणारा टॅन क्रमांक कंपनीकडे आधीपासून आहे, पण कधी कापणीच झाली नसल्यामुळे तिमाही विवरण, म्हणजे २६क्यू, भरायची सवय नव्हती. ते राहिलं तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क, कापलेल्या रकमेइतकं होईपर्यंत चढत जातं. माझ्याच फीमुळे आलेलं काम मी वेगळ्या दराने कसं लावू? २६क्यू नव्या फीतच धरलं.

रात्री मेल नव्याने लिहिला. आधी बिल, मग वाढ, मग टीडीएस:

“सोबत ऑक्टोबर २०२५ चे बिल रु. ४,००० जोडले आहे. या महिन्यासाठी एवढीच रक्कम द्यावी.

१ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या कामासाठी मासिक फी रु. ५,५०० राहील. त्याचे पहिले बिल १ नोव्हेंबरला येईल. बियाणे विक्रीची बिले, दुसरे बँक खाते व करमुक्त-करपात्र विभागणी यांमुळे काम वाढले आहे. तिमाही २६क्यू भरणे या फीत धरले आहे.

या बदलामुळे चालू वर्षाची एकूण फी रु. ५५,५०० होते, म्हणून कलम १९४जे प्रमाणे १० टक्के टीडीएस लागू होईल. नोव्हेंबरच्या बिलातून रु. ३,३५० व त्यानंतर दरमहा रु. ५५० कापावेत. ही रक्कम माझ्या फीतूनच कापायची आहे, कंपनीला वेगळा भार नाही. कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावी (मार्चची ३० एप्रिलपर्यंत).

२५ ऑक्टोबरपर्यंत मान्यता लेखी कळवावी. मान्य नसल्यास कामाची व्याप्ती कमी करून फी ठरवता येईल.”

शेवटचं वाक्य मी मनापासून लिहिलं. उत्पादक कंपनीचे पैसे कास्तकारांच्या भागभांडवलातून आलेले असतात, आणि वाढ नको असेल तर कोणतं काम आपल्याकडे घ्यायचं हे ठरवायची संधी त्यांना मिळायला हवी. बिलांची नोंद हिशेबनिसाने केली असती तर मी कमी फीतही तयार होतो.

संचालक मंडळाची तिमाही बैठक दिवाळीआधी झाली. चर्चा वाढीवर कमी आणि २६क्यूवर जास्त झाली, असं हिशेबनिसाने सांगितलं. ठराव झाला, त्याची प्रत मेलवर आली. ऑक्टोबरचे ४,००० च आले. नोव्हेंबरला २,१५० आले आणि ३,३५० चं चलन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरलं गेलं. जानेवारीत २६क्यू मुदतीत गेलं. नंतर मी माझं २६एएस, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडलं तेव्हा कंपनीच्या नावासमोर ३९,००० वर ३,९०० जमा दिसले.