‘होऊन जाईल’ म्हणजे नक्की कोण करणार?

«तुमच्या हाताखाली कोणी नाही, कोणाचं अप्रेझल तुमच्याकडे नाही. मग चार-चार टीम तुमचं ऐकतात कशा?»

ऐकत नाहीत. एवढं सांगून सुटता आलं असतं, आणि बऱ्याचदा मी सुटतेही. पण मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे गोड बोलून कामं काढून घ्यायची, असंच ना?" हा मात्र झोंबतो. गोड बोलण्याने मीटिंग छान होते. शुक्रवारी फाईल येते की नाही, ते तिथे ठरत नाही. हल्ली मी प्रकल्पांच्या लीडना, म्हणजे अधिकार हातात नसताना अनेक टीमचं काम जुळवणाऱ्यांना, सल्ला देते. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगते, आणि फक्त एका लीडच्या एका फाईलबद्दल सांगते. प्रभाव, विश्वास वगैरे मोठे शब्द तिच्यातच येतात.

त्याआधी थोडं होकाराबद्दल. फर्नांडो फ्लोरेस हे चिलीचे एकेकाळचे अर्थमंत्री. 1973 च्या लष्करी उठावानंतर त्यांनी तुरुंगवास भोगला आणि पुढे अमेरिकेत जाऊन संशोधन केलं. 1986 मध्ये टेरी विनोग्राड यांच्यासोबत त्यांनी एक साधी मांडणी केली: संस्थेतलं काम म्हणजे माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दांची साखळी. प्रत्येक शब्दाचे टप्पे चार. एक जण मागतो, दुसरा कबूल करतो, मग तो "झालं" म्हणतो, आणि शेवटी मागणारा "मिळालं, चालेल" म्हणतो. चौथा टप्पा झाल्याशिवाय काम संपत नाही. आपल्या मीटिंगमध्ये पहिला टप्पा अर्धा होतो, दुसऱ्याच्या जागी "होऊन जाईल" येतं आणि चौथ्याची कोणाला आठवणही नसते. "होऊन जाईल" या वाक्यात कर्ताच नाही. काम आपलं आपण होणार आहे. मिनिट्समध्ये मात्र समोर नाव लिहिलं जातं, आणि बहुतेकदा ते त्या वेळी गप्प बसलेल्या माणसाचं असतं.

आता फाईल. बिलिंगची जुनी प्रणाली बंद करून नवी सुरू करायची होती. सॉफ्टवेअर, डेटा, फायनान्स आणि ग्राहकसेवा अशा चार टीम, प्रत्येकीचा साहेब वेगळा, आणि चौघींचं काम जुळवणारी एक लीड. बिलं महिन्याच्या चक्रावर निघतात, म्हणून बदल फक्त 1 तारखेलाच शक्य. 1 जुलै ठरली. आधी दोन ट्रायल रन हव्या होत्या, त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांची आणि थकबाकीची फाईल 10 जूनपर्यंत हवी होती. डेटा टीममधल्या अनुभवी ॲनालिस्ट बाई म्हणाल्या, "दहापर्यंत होऊन जाईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाची जबाबदारी, कोणाचा निर्णय, कोणाला विचारायचं, कोणाला कळवायचं, हा रॅसीचा तक्ताही भरलेला होता, रंगीत.

10 जूनला फाईल आली. वेळेवर. फायनान्सने ती 16 तारखेला उघडली आणि सांगितलं, "फाईल आलेलीच नाही."

दोघंही खरं बोलत होते. डेटा टीमने 9 जूनला जुन्या प्रणालीतून चालू खाती काढली होती. फायनान्सला थकबाकीची बेरीज लेजरशी जुळवायची होती, आणि लेजर 31 मेला बंद झालं होतं. मधल्या नऊ दिवसांत लोकांनी पैसे भरले होते, त्यामुळे बेरीज जुळणं शक्यच नव्हतं. शिवाय "चालू खाती" या गाळणीत बंद झालेली पण थोडी बाकी उरलेली खाती गळून पडली होती. डेटा टीमच्या लेखी बंद खातं म्हणजे कचरा, फायनान्सच्या लेखी ते येणं किंवा देणं. दुरुस्ती म्हणजे दोन ओळींचा बदल नव्हता, बंद खात्यांचे जुने व्यवहार पुन्हा तपासावे लागणार होते. जूनमध्ये ते बसेना, म्हणून 1 जुलै गेली ती थेट 1 ऑगस्टवर. ज्या गैरसमजाला दहा मिनिटांचं बोलणं पुरलं असतं, त्याने महिना खाल्ला. नंतर "मी तेव्हाच म्हटलं होतं" असं म्हणणारे भेटलेच. मिनिट्समध्ये मात्र तसं काही सापडलं नाही.

अशा वेळी लीड काय करतो? पुढच्या आठवड्यापासून रोज फॉलो-अप सुरू करतो. एकेकाळी हाच सल्ला मीही द्यायचे. रोज विचारा, मेलमध्ये साहेबांना सीसी ठेवा. ते चूक होतं असं पूर्ण म्हणवत नाही, कारण त्याने हालचाल होते. पण इथे फाईल वेळेवरच आली होती. रोज विचारलं असतं तर रोज "चालू आहे" हेच खरं उत्तर मिळालं असतं. आणि कारण नसताना सीसी केलं की समोरचा ते तक्रार म्हणून वाचतो. पुढच्या वेळी तो अडचण आधी सांगत नाही, आधी स्वतःचा बचाव तयार करतो.

दुसऱ्या खेपेला पानभराचा करार झाला. करार म्हणजे वकिली कागद नव्हे, बारा-पंधरा ओळी. तो मीटिंगमध्ये लिहिला गेला नाही. आधी लीड ॲनालिस्ट बाईंशी वेगळी बोलली, मग फायनान्समध्ये ती फाईल प्रत्यक्ष उघडणाऱ्या माणसाशी. दोघांना एकच प्रश्न: "फाईल हातात आली की तुम्ही पहिल्यांदा काय तपासाल?" फायनान्सच्या उत्तरातून तीन कसोट्या निघाल्या. खात्यांची संख्या जुन्या प्रणालीतल्या बाकी असलेल्या सगळ्या खात्यांइतकी, बंद खाती धरून. थकबाकीची एकूण बेरीज 30 जूनच्या लेजरशी तंतोतंत. आणि कुठलीही पन्नास खाती उघडून हाताने पडताळणी. "मिळाली" कोण म्हणणार त्याचं नाव, आणि त्यासाठी दोन कामाचे दिवस.

इथे मला माझंच जुनं मत खोडायचं आहे. "दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजूर समजू" ही ओळ मी आवडीने सुचवायचे. चलाख वाटते, लीडचा कागद साफ राहतो. पण गप्प बसलेल्या माणसाने फाईल उघडलेलीच नसते. अशी मंजुरी तुम्हाला भांडण जिंकून देते, पण ट्रायल रन पडते ती पडतेच. आता मी उलट लिहायला सांगते: उत्तर नाही म्हणजे मंजुरी नाही, आणि तिसऱ्या दिवशी लीड त्या माणसाशेजारी बसून फाईल उघडायला लावणार.

मग तासांचा हिशेब. "कधी देता?" या प्रश्नाला माणूस तारीख देतो, आणि ती समोरच्याला बरं वाटेल अशी असते. "काम किती तासांचं आहे आणि रोज किती तास मोकळे आहेत?" याचं उत्तर गोड करता येत नाही. काम 48 तासांचं निघालं. नेहमीचं सांभाळून बाईंकडे रोज दोन तास, म्हणजे हातातल्या तीन आठवड्यांत 30. अठरा तास कमी. म्हणजे त्यांचा होकार प्रामाणिक असूनही पोकळ होता. ते तास त्यांचे नव्हतेच, त्यांच्या मॅनेजरचे होते.

तुम्ही ज्याला प्रभाव म्हणता तो इथे लागतो. मॅनेजरकडे "प्रकल्प महत्त्वाचा आहे" हे घेऊन जाऊ नका, त्यांच्याकडे असे महत्त्वाचे प्रकल्प पाच असतात. त्यांना छळणारं काय आहे ते शोधा. फायनान्ससाठी दर आठवड्याला निघणारा एक रिपोर्ट याच बाईंचे बारा तास खात होता आणि मॅनेजरला तो डोळ्यांसमोर नको होता. फाईल हवी होती तीही फायनान्सलाच. लीडने फायनान्सच्या मॅनेजरसमोर दोन पर्याय ठेवले: तीन आठवडे रिपोर्ट बंद आणि फाईल वेळेवर, किंवा रिपोर्ट चालू आणि बदल 1 सप्टेंबरला. त्यांनी पहिला घेतला. 36 तास मोकळे झाले, गरजेपेक्षा दुप्पट. कोणाचं मन वळवलं नाही, कोणावर उपकार केले नाहीत. दोन टीममधला एक व्यवहार दोघींना दिसत नव्हता, तो दाखवला.

शेवटच्या दोन ओळी अडचणीच्या होत्या. तारीख चुकेल असं दिसलं की किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचं, आणि कळवणाऱ्याला कारणं विचारत बसायचं नाही, थेट पर्यायांवर बोलायचं. आणि दोन टीमचं दोन दिवसांत जमलं नाही तर दोघांनी मिळून एकच पान लिहायचं: वाद कशावर, पर्याय कोणते, प्रत्येकाची किंमत काय, निर्णय कधीपर्यंत हवा. मग दोघांनी सोबत दोन्ही साहेबांकडे जायचं. वरती जाणं हे भांडण पेटायच्या आधीच ठरलेलं असलं की ती चुगली ठरत नाही. भांडण सुरू झाल्यावर हीच पद्धत सुचवून पाहा, कोणी सही करणार नाही.

"मग हे तर नुसतं कागदकाम झालं," असंही मला ऐकवलं जातं. बरं, कागदकाम. पण या कागदामागे उसना अधिकार असतो, हे मान्य करायला मला वेळ लागला. मॅनेजर लीडशी बोलले, कारण प्रकल्पाला वरून कोणीतरी पाठीशी होतं. ते नसतं तर पर्याय ऐकायला कोणी बसलं असतं का, मला खात्री नाही. आणि दोन खात्यांची वार्षिक उद्दिष्टंच एकमेकांवर उलटत असतील, तर पंधरा ओळींनी काही होत नाही. तो निर्णय त्या दोघांच्याही वरचाच माणूस घेऊ शकतो.

या फाईलचंही सांगून टाकते, नाहीतर अर्धं सांगितल्यासारखं होईल. दुसऱ्या आठवड्यात फायनान्सच्या डायरेक्टरांनी बाईंना थेट फोन करून रिपोर्ट मागितला. करार झाला तेव्हा ते तिथे नव्हते. बाईंनी दिला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मागितला, पुन्हा दिला. 36 तासांतले 24 गेले आणि सहा तास कमी पडले. रोजच्या दोन तासांनी तीन दिवस उशीर. बाईंनी ते ठरल्याप्रमाणे आधी कळवलं, म्हणून दुसरी ट्रायल दोन दिवसांत उरकून 1 ऑगस्ट कशीबशी वाचली.

डायरेक्टरांना "नाही" कोणी म्हणायचं, ही ओळ करारात नव्हती. आता मी ती घालायला सांगते: मधेच मागणी आली तर "मॅनेजरशी बोला" एवढंच म्हणायचं आणि लीडला कळवायचं. पण फोनवर डायरेक्टर असताना ते म्हणायचं असतं त्या बाईंना, मला नव्हे.