साईन-कॉसचा ताळा वर्तुळावर

“वर्कशीटच्या मागे उत्तरं छापलेली नसतात. मुलाने काढलेलं साईन २४०°, टॅन ३००° बरोबर आहे की नाही हे मी कसं ओळखू? शाळा सुटल्यापासून माझा त्रिकोणमितीशी संबंध आलेला नाही.”

एक वर्तुळ काढून. कंपास नको, वहीच्या मागच्या पानावर हाताने काढलेलं पुरतं. त्रिज्या १ धरायची आणि मध्यातून एक आडवी, एक उभी रेघ मारायची. कोन उजवीकडच्या आडव्या रेघेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं आणि त्या कोनाची रेघ वर्तुळाला जिथे भेटते तिथे ठिपका द्यायचा. मध्यापासून हा ठिपका आडवा किती सरकला ते कॉस, उभा किती सरकला ते साईन. डावीकडे गेला तर कॉस उणे, खाली गेला तर साईन उणे. टॅन म्हणजे उभं भागिले आडवं, म्हणजेच त्या रेघेचा चढ.

कुठल्या चरणात काय धन, काय ऋण यासाठी क्लासमध्ये ‘आफ्टर स्कूल टू कॉलेज’ पाठ करून घेतात. मला ते कधीच आवडलं नाही. ठिपका डावीकडे खाली दिसत असताना चिन्हांसाठी वेगळा मंत्र कशाला हवा?

आता आकडे. नेहमीच्या कोनांसाठी तीनच लांब्या लक्षात ठेवायच्या: ०.५, ०.७०७ आणि ०.८६६. ४५° ला आडवं आणि उभं सारखं असतं, दोघांच्या वर्गांची बेरीज १, म्हणून प्रत्येकी १/√२, सुमारे ०.७०७. ६०° ला मध्य, उजवीकडचं टोक आणि ठिपका मिळून समभुज त्रिकोण होतो. ठिपक्यातून खाली टाकलेला लंब पाया बरोबर अर्धा करतो, म्हणून आडवं १/२, आणि पायथागोरसने उभं √३/२, म्हणजे ०.८६६. ३०° ला हेच दोन आकडे अदलाबदल होऊन येतात. वर्तुळावरचे बाकीचे नेहमीचे कोन ही याच ठिपक्यांची डावी-उजवी आणि वर-खालची प्रतिबिंबं.

माझ्याकडे येणाऱ्या वर्कशीटांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक २४०° चीच असते. मुलाने लिहिलेलं असतं: साईन −१/२, कॉस −√३/२, टॅन १/√३. पालक हुशार असतील तर ताळा करून पाहतात. साईनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग: १/४ आणि ३/४ मिळून १. जमलं. साईन भागिले कॉस: १/√३. तेही जमलं. तिसऱ्या चरणात साईन-कॉस उणे आणि टॅन धन, तसंही आहे. आणि तरीही तिन्ही उत्तरं चूक आहेत.

कारण पहिले दोन ताळे उत्तरं एकमेकांशी जुळतात का एवढंच बघतात आणि चिन्हांचा ताळा फक्त चरण बघतो, नेमक्या कोनाशी जुळतात का ते कोणी बघितलेलंच नसतं. वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं, आणि बेरजेत आधी कोण नंतर कोण याला अर्थ नसतो. त्यामुळे वर्गांच्या बेरजेला ना चिन्हाची चूक सापडते, ना अदलाबदलीची. या वर्कशीटपुरतं बोलायचं तर तो ताळा जवळजवळ निरुपयोगी आहे.

वर्तुळात बघा. १८०° म्हणजे सरळ डावीकडे, २७०° म्हणजे सरळ खाली. २४०° हा २७०° ला जास्त जवळ, म्हणजे ठिपका बराचसा खाली आणि थोडासाच डावीकडे. मग मोठा आकडा उभ्या अंतराचाच असणार. साईन −√३/२, कॉस −१/२, टॅन √३. मुलाने लिहिलेली उत्तरं २१०° ची आहेत, जिथे ठिपका बराच डावीकडे आणि थोडा खाली असतो.

ही चूक कुठून येते तेही सांगते, कारण ती एकदा सापडली की पानभर तशाच सापडतात. मुलाने २७० मधून २४० वजा करून ३० काढलेले असतात आणि तक्त्यातली ३०° ची ओळ उतरवलेली असते. वजाबाकी बरोबर, पण ती उभ्या रेघेपासून केली. तक्त्यात बघायचा लघुकोन नेहमी आडव्या रेघेपासून मोजायचा, म्हणजे १८० किंवा ३६० पासून. २४० वजा १८०, म्हणून ६०. साईन १२०° ला १/२ लिहिलेलं दिसलं तर तिथेही ९० वजा झालेले असतात. १२०° चा ठिपका जवळजवळ माथ्यावर आहे, त्याची उंची निम्मी कशी असेल?

टॅनसाठी वर्तुळाच्या उजव्या टोकाला टेकणारी एक उभी रेघ मारा. कोनाची रेघ वाढवत नेऊन या उभ्या रेघेला जिथे भेटेल ती उंची म्हणजे टॅन. ३००° ची रेघ उजवीकडे खाली तीव्र उतरते आणि १.७३२ इतक्या खोलीवर भेटते, म्हणून −√३. रेघ डावीकडे जात असेल तर ती मध्यातून उलट्या बाजूला वाढवायची. २४०° ची रेघ तशी वाढवली की वर √३ ला भेटते, त्यामुळेच टॅन २४०° आणि टॅन ६०° एकच. ४५° पेक्षा खड्या रेघेचं टॅन, चिन्ह सोडून, १ पेक्षा मोठं असलंच पाहिजे. आणि ९०° ला कोनाची रेघ या उभ्या रेघेला समांतर होते, कधी भेटतच नाही. तिथे मुलाने ० लिहिलं असेल तर खोडा, टॅन ९०° ला किंमतच नाही. शून्य येतं ते ०° आणि १८०° ला.

प्रश्न रेडियनमध्ये असेल तर घाबरू नका. π म्हणजे अर्धी फेरी. ७π/६ दिसलं की अर्ध्या फेरीचे सहा भाग करा, प्रत्येकी ३०°, आणि सात भाग चाला. अर्धी फेरी ओलांडून एक भाग पुढे, म्हणजे २१०°.

कॅल्क्युलेटर वापरायचाच असेल तर आधी साईन ३० दाबून बघा. ०.५ आलं तर तो अंशांवर आहे. −०.९८८ आलं तर रेडियनवर, आणि ०.४५४ आलं तर ग्रेडियनवर, जे बटण चुकून दाबलं गेल्याशिवाय आपल्याकडे कोणी वापरत नाही. उत्तर दशांशात दिसेल, म्हणून ते तीन आकडे ओळखीचे हवेत. शिवाय मुलाने १/√२ लिहिलं आणि मैत्रिणीच्या वहीत √२/२ असलं तर भांडू नका, दोन्ही ०.७०७ च आहेत.

७५° सारखा कोन आला तर हे वर्तुळ नेमकं उत्तर देत नाही. साईन ७५° हा ०.८६६ आणि १ च्या मधे आहे एवढंच सांगतं. नेमकी किंमत (√६ + √२)/४, सुमारे ०.९६६, ती बेरजेच्या सूत्राने काढावी लागते. पण पुष्कळ मुलं साईन ४५° आणि साईन ३०° सरळ मिळवून १.२०७ लिहितात, आणि ते पकडायला सूत्र लागत नाही. त्रिज्या १ च्या वर्तुळावरचा ठिपका १.२०७ उंचीवर जाईल कसा?