२८ टक्के चार्ज आणि तीन पेशंट

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे माझं काम. त्या रात्री वारज्यात लाईट गेली ती पहाटे आली, आणि सहा वाजता स्कूटरवर २८ टक्के चार्ज दिसत होता. बावधन, कोथरूडला कर्वे पुतळा आणि सिंहगड रोडला आनंदनगर, असे तीन पेशंट उपाशीपोटी थांबलेले. लॅब टिळक रोडला. एकूण वीसेक किलोमीटर.

माझी बॅटरी ३००० वॅट-तासांची. २८ टक्के म्हणजे ८४०. शेवटचे १० टक्के मी धरतच नाही, तिथे आकड्याचा भरवसा नसतो. उरले ५४०. इको मोडवर चाळिशीच्या आत चालवलं की किलोमीटरला २५ लागतात, म्हणजे जेमतेम एकवीस किलोमीटर. शिवाय चांदणी चौकाचा चढ.

पाषाणकडून गेलं तर चढ सौम्य आहे. पण वारज्यातून तो मोठाच वळसा. माझ्या वजनासकट स्कूटर शंभर मीटर वर चढवायला सपाटीवरच्या अडीच किलोमीटरइतकी बॅटरी लागते. तेवढ्यासाठी आठ-दहा किलोमीटर जास्त फिरणं परवडत नाही. मात्र चढ घ्यायचा तर पहिलाच. चढावर मोटर जोरात करंट ओढते, तेव्हा व्होल्टेज खाली येतं. चार्ज कमी असेल तर ते आणखी खाली जातं आणि बॅटरी स्वतःला वाचवायला ताकद कापते. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळूनही स्कूटर पंधरा-वीसच्या वर जात नाही, तेव्हा समजावं की हेच चाललंय. १५ टक्क्यांवर मी तो चढ घेतलाच नसता.

म्हणून आधी बावधन, मग पौड रोडच्या उतारावरून कोथरूड. तिथे ॲपवर जवळच दोन चार्जिंग पॉइंट दिसत होते. एकाची गन कारची, आपल्या स्कूटरला बसतच नाही. दुसऱ्यावर गाडी लागलेली. मग पेशंट काकांनाच विचारलं, "काका, खाली पंधरा ॲम्पिअरचा प्लग आहे का?" त्यांनी वॉचमनला फोन करून पार्किंगमधला प्लग दिला. लावल्यावर पाच मिनिटांनी पिनेजवळ हात लावून पाहिला. प्लग गरम लागला असता तर लगेच काढला असता, कारण आत जोड सैल असतो. वर सॅम्पल आणि फॉर्म होईपर्यंत वीस मिनिटं गेली, सात टक्के वाढले.

पुढे कर्वेनगर, राजाराम पूल, आनंदनगर, दांडेकर पूल. सगळा नदीकाठचा सपाट रस्ता. लॅबला १७ टक्क्यांवर पोचले.

तेवढ्यात सर म्हणाले, "ताई, कात्रजला अजून एक आहे, थायरॉईडचं." स्वारगेटपासून कात्रजपर्यंत रस्ता चढतच जातो. टेस्ट उपाशीपोटीची नव्हती, म्हणून सरांना सांगितलं, "तासाभराने निघते," आणि लॅबच्या प्लगला चार्जर लावला. निघताना ४० टक्के होते.