हजार रुपये परत आले तो दिवस

कराडमध्ये माझा आठवी ते दहावीचा गणित-विज्ञानाचा क्लास आहे. दोन खोल्या, तीन बॅचेस, एका बॅचला जास्तीत जास्त चोवीस मुलं. वर्षाची फी सोळा हजार, चार हप्त्यांत. शिकवणं माझ्याकडे आणि प्रवेश, फी, रजिस्टर हेही माझ्याकडेच.

एप्रिलमधला शनिवार होता. दुपारची बॅच सुटली आणि नववीतल्या एका मुलीची आई ऑफिसात आली. बाई शिवणकाम करतात, घरातच ब्लाऊज शिवतात. खुर्चीवर बसल्या नाहीत. पाचशेच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "सर, हे तुमचे तुमच्याकडं ठेवा."

आधी मला वाटलं, फीचा हप्ता असेल. पण त्या नोटा आठवड्यापूर्वी मीच त्यांना दिल्या होत्या. त्यांच्या सांगण्यावरून दोन मुली आल्या होत्या आणि आमची योजनाच होती, 'एक मित्र आणा, ५०० रुपये मिळवा.' पिवळ्या कागदावर छापून दाराशी लावलेली.

झालं असं, की त्या दोघींपैकी एकीच्या आईने दाराशी तो कागद वाचला आणि शिवायला टाकलेलं कापड न्यायला आली तेव्हा हसत हसत म्हणाली, "म्हणून सांगत होतीस होय!" तेवढंच. भांडण नाही, काही नाही. पण बाईंना ते लागलं. मला म्हणाल्या, "माप घेताना बायका मला काय काय विचारतात, सर. डॉक्टर कुठला, क्लास कुठला. मी खरं तेच सांगते म्हणून विचारतात. आता यात पैसे आले तर उद्या कोण विचारणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे घ्या म्हणून आग्रह केला असता तर आणखी वाईट झालं असतं, एवढं मात्र तेव्हा कळलं.

संध्याकाळी मागच्या वर्षीचा हिशोब काढून बसलो. योजनेतून चौदा नावं आली होती, म्हणजे सात हजार वाटले होते. आमच्याकडे चौकशीचं वेगळं रजिस्टर आहे. फोन आला किंवा कुणी दारात येऊन गेलं, की तारीख टाकून नाव लिहायचं. ते उघडून चौदा नावं एकेक करून ताडली. त्यातली सहा नावं 'आणणाऱ्या'ने सांगण्याच्या आधीच रजिस्टरमध्ये होती. कुणाचा धाकटा भाऊ, कुणी समोरच्याच बिल्डिंगमधलं. ती मुलं येणारच होती. उरली आठ. त्यातल्या तिघांनी पहिला हप्ता भरून पुढे तोंड दाखवलं नाही. म्हणजे योजनेने खरी आणलेली आणि टिकलेली मुलं पाच, आणि एका मुलामागे खर्च चौदाशे.

आता गंमत अशी, की सोळा हजारांच्या फीपुढे चौदाशे काही जास्त नाहीत. पेपरात पॅम्प्लेट टाकून मी याहून जास्त घालवलेत. पैशाच्या हिशोबात योजना पास होती. नापास झाली होती ती शिवणाच्या मशीनशेजारी, आणि तो तोटा कुठल्याच रजिस्टरात येत नाही. बाईंनी येऊन सांगितलं म्हणून कळलं. बाकीच्यांनी नुसतं सांगणं बंद केलं असेल.

नवी योजना करायला दोन रविवार गेले. एका गोष्टीवर बराच वेळ अडलो होतो: सांगणाऱ्याला काय द्यायचं? काहीच नको, असं बायको म्हणाली. मला ते पटत नव्हतं, कारण आभार मानायला काहीतरी निमित्त लागतं. शेवटी ठरलं, की जे द्यायचं ते सांगणाऱ्याच्या आणि नव्या, दोन्ही मुलांना सारखं द्यायचं आणि सांगणाऱ्याने पुढे द्यायच्या कार्डावर ते स्पष्ट छापायचं. जानेवारीत आम्ही सराव परीक्षांची मालिका घेतो, त्याचे वेगळे बाराशे घेतो. ती दोघांनाही मोफत. म्हणजे सांगणारी आई मैत्रिणीला उघडपणे म्हणू शकते, "तुझ्या मुलीलाही मिळेल, माझ्याही." लपवायला काही राहत नाही, आणि मलाही रोख मोजावी लागत नाही. पेपर एकदा काढला की दोन मुलं वाढल्याने खर्च वाढतो तो झेरॉक्सचा आणि तपासण्याच्या वेळाचा.

मालिकेची पावती दुसरा हप्ता भरल्यावरच फाडायची. पहिल्या हप्त्यानंतर गळणारी मुलं आपोआप बाहेर राहतात.

कार्ड आणणाऱ्या नव्या मुलाला प्रवेशाआधी तीन दिवस बसू द्यायचं, आणि मागच्या इयत्तेच्या गणितावर तासाभराची चाचणी. तपासलेला पेपर पालकांच्या हातात द्यायचा, मग प्रवेश घेवोत न घेवोत. सांगणाऱ्याला याचाच जास्त आधार वाटतो. 'बघ तर खरं, नाही आवडलं तर सोड' असं म्हणता येतं.

वाद होतात ते एकाच मुलावर दोघांनी हक्क सांगितला की. त्यासाठी चौकशीच्या फॉर्मवर 'क्लासबद्दल कुणाकडून कळलं?' ही ओळ घातली. नवा पालक स्वतःच्या हाताने लिहील तेच खरं, नंतर बदल नाही. आणि रजिस्टरमध्ये नाव आधीच असेल तर त्या मुलाला चाचणी मिळते, पण मालिका दोघांनाही नाही. यावरून एक गृहस्थ रुसले. रुसू दे.

एक चूक मात्र झालीच. पहिल्या खेपेला कार्डं मी मुलांच्याच हातात दिली. नववीतल्या एका पठ्ठ्याने ती शाळेत मधल्या सुट्टीत वाटली आणि शाळेतून मला फोन आला. बोलणी बरोबरच होती. तेव्हापासून कार्ड फक्त पालकांना, एका घराला तीनच, मागे नंबर टाकून. आणि तेही सरसकट नाही. पहिल्या घटक चाचणीनंतरच्या पालकसभेत जो पालक आपणहून म्हणतो की पोरगी आता गणिताला बसते, त्याच वेळी त्याला द्यायचं. प्रवेशाच्या दिवशी दिलेलं कार्ड पाकिटात कुजतं, कारण सांगण्यासारखं तेव्हा काही घडलेलंच नसतं.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाले, "आम्हाला हे चालत नाही बुवा." पेशंट आणल्याबद्दल भेट किंवा कमिशन देणं-घेणं त्यांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतच मना आहे. मोफत तपासणीचं कूपनही त्याच वाटेने जातं, असं त्यांचं मत. त्यांनी घेतली ती फक्त ती एक ओळ. आता त्यांच्या केसपेपरवर 'कुणी सुचवलं?' असं असतं, आणि पुढच्या वेळी तो सुचवणारा जुना पेशंट आला की डॉक्टर त्याचे तोंडी आभार मानतात. काही द्यायचं नसेल तर एवढंच करता येतं.

या वर्षी कार्डावरून अकरा मुलं येऊन बसली. सात जणांनी प्रवेश घेतला आणि सातही दुसऱ्या हप्त्यापर्यंत टिकली. मी नंबर लावून पाहिले, तर सातातली चार एकाच घराच्या नावावर. त्या शिवणाऱ्या बाई. तीन कार्डं दिली असताना चार कशी, म्हणून विचारलं. चौथी मुलगी कार्डाशिवायच आली होती, फॉर्मवर बाईंचं नाव लिहून.

त्यांना आणखी तीन कार्डं द्यायला गेलो. मशीनवर वाकून शिवत होत्या. म्हणाल्या, "राहू दे, सर. कार्डं बायका पर्समध्ये टाकून विसरतात. त्या मापाच्या वहीत मागच्या पानावर तुमचा नंबर लिहून ठेवा, तेवढा बास."

वहीत नंबर लिहिला. त्या पानावर आधीच एका दातांच्या डॉक्टरांचा आणि एका गॅसवाल्याचा नंबर होता.